धुतल्यावरही भांग तपकिरीच: मुळांवरच्या टच-अप स्प्रे-पावडरचा थर का साठतो आणि कसा काढायचा

"अहो, काल रात्री केस धुतले आणि आज सकाळी कंगव्यात परत तपकिरी भुसा!" केसांच्या कामात बरीच वर्षं काढल्यामुळे ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की पुढची दोन वाक्यं मला पाठ झाली आहेत. "स्प्रे तर एका धुण्यात जातो असं लिहिलंय" हे पहिलं, आणि "मला कोंडा झालाय का हो?" हे दुसरं. पहिले पांढरे केस दिसायला लागले की कायमचा रंग लावायचा धीर होत नाही. मग माणूस या फवाऱ्याकडे किंवा डबीतल्या पावडरीकडे वळतो आणि महिना-दोन महिन्यांत भांगाच्या रेषेत काहीतरी साठायला लागतं. खाज, काळसर ठिपके, कपाळावर उतरणारे कण, उशीवर डाग, असं सगळं एकामागून एक सुरू होतं.

बहुतेक वेळा माल वाईट नसतो. काढण्याची पद्धत उलटी असते. स्प्रे आणि पावडर दोन्ही "धुतलं की जातं" या एकाच नावाखाली विकले जातात, पण ते केसाला धरतात वेगवेगळ्या गोष्टींनी. एकाला पाणी आधी लागतं, दुसऱ्याला तेल आधी. आपण दोघांना एकच वागणूक देतो आणि तिथे गाडी अडते.

रंग सुटत का नाही?

दोन्हींमध्ये रंग देणारी वस्तू साधारण सारखीच असते: लोहाचे ऑक्साइड. मागच्या लेबलवर सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ असे आकडे दिसतील, म्हणजे अनुक्रमे लाल, पिवळा आणि काळा. या तिन्हींच्या मिश्रणातून तपकिरीच्या सगळ्या छटा निघतात. हे कण पाण्यात विरघळत नाहीत, तेलातही विरघळत नाहीत. ते केसाच्या आत शिरत नाहीत, वरच्या खवल्यांवर बसून राहतात. म्हणून त्यांना "रंग" म्हणण्यापेक्षा बारीक माती म्हटलं तर पुढचं सगळं पटकन कळतं. माती विरघळत नसते, ती ज्याच्यात चिकटली आहे ते सोडवावं लागतं. खरा प्रश्न हा की तिला धरून ठेवणारं काय आहे.

स्प्रेमध्ये धरून ठेवण्याचं काम बहुधा अॅक्रिलेट जातीचं पॉलिमर करतं, केस बसवायच्या हेअर स्प्रेत असतं तसंच. डब्यात ते अल्कोहोलमध्ये विरघळलेलं असतं. फवारलं की अल्कोहोल उडून जातं आणि केसावर पातळ पापुद्रा राहतो, कण त्या पापुद्र्यात अडकतात. हा पापुद्रा पाण्यात भिजला की फुगतो, मऊ पडतो आणि मग शॅम्पू त्याला उचलतो. भिजायला त्याला मिनिट-दोन मिनिटं हवी असतात. डोक्यावर पाणी ओतून लगेच फेस काढला, तर पापुद्रा अजून कडकच असतो.

पावडरीत असं पॉलिमर बहुधा नसतं. तिथे अभ्रक किंवा टाल्क, लोहाचे ऑक्साइड, आणि त्यांना बांधायला झिंक स्टिअरेटसारखी मेणचट वस्तू, जोडीला थोडं सिलिकॉन. घाम आला तरी पावडर वाहू नये म्हणून ती मुद्दाम पाणी झटकणारी बनवलेली असते. आता त्याच पाणी झटकणाऱ्या वस्तूवर आपण आधी पाणी टाकतो. पाण्याचे थेंब वरून घरंगळतात, पावडर ओली न होता नुसती एकत्र येते आणि त्वचेच्या बारीक रेषांमध्ये सरकते. इथे आधी तेलच हवं.

आणखी एक तिसरी जात असते, घाम-पाऊस झेलणारी म्हणून विकली जाणारी. तिच्यात बऱ्याचदा सिलिकॉन रेझिन असतं. लेबलवर आयसोडोडेकेन आणि ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट ही नावं दिसली, तर ती स्प्रे असली तरी तिला पावडरीच्या रांगेत बसवा. पाण्याने ती हलणार नाही.

बशीवरची परीक्षा

लेबल वाचायचा कंटाळा असेल किंवा अक्षरं दिसतच नसतील (ती बारीक असतात आणि पहिले पांढरे केस आले की बहुतेकांचा चष्मासुद्धा त्याच सुमारास येतो), तर हे करून बघा. पांढरी चिनी मातीची बशी घ्या. स्प्रे असेल तर बोटभर लांबीचे तीन पट्टे मारा. पावडर असेल तर बोटाने तीन पट्टे दाबून घासा. दहा मिनिटं वाळू द्या. मग पहिल्या पट्ट्यावर कोमट पाण्याचे चार थेंब, दुसऱ्यावर कुठल्याही पातळ तेलाचे चार थेंब, आणि तिसऱ्यावर पाण्यात कालवलेला थोडा शॅम्पू टाका. दोन मिनिटं थांबा. तिन्ही पट्टे कापसाने एकदाच, सारख्याच दाबाने पुसा.

पाण्याचा पट्टा सुरकुतून साल निघाल्यासारखा आला आणि तेलाचा तसाच चिकटून राहिला, तर तुमचा माल पाणी-आधी वाला. तेलाचा पट्टा एका पुसण्यात साफ झाला आणि पाण्याच्या पट्ट्यावर थेंब मोत्यासारखे गोल उभे राहिले, तर तेल-आधी वाला. शॅम्पूचा पट्टा दोन्ही बाबतींत थोडाफार निघतो, म्हणूनच आपली फसगत होते. निम्मं निघालं की वाटतं सगळं निघालं.

याच बशीवर आणखी एक गोष्ट पाहून घ्या. पुसल्यावर बशी पांढरी झाली की तिच्यावर पिवळसर छटा उरली? आणि पुसलेला कापूस अर्ध्या पेल्या साध्या पाण्यात पिळला तर पाणी कसं दिसतं? मातकट गढूळ असेल तर ते कण आहेत. पाणी स्वच्छ पारदर्शक राहून रंगीत काचेसारखं दिसलं तर त्यात विरघळणारा रंगही मिसळलेला आहे. असा रंग पांढऱ्या केसाला, विशेषतः आधी ब्लीच केलेल्या केसाला, खरोखर डाग पाडू शकतो. तो एका धुण्यात जाणार नाही, आठ-दहा धुण्यांमध्ये हळूहळू फिका होईल. घासून काही उपयोग नाही, केस तेवढा तुटतो.

एका ताईंचा भांग

आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंची गोष्ट सांगते, कारण त्यांच्यात हे सगळं एकत्र आलं होतं. वय अडतीस. पांढरे केस फक्त दोन ठिकाणी: भांगाच्या पुढच्या चार बोटांत पंधरा-वीस, आणि डाव्या कानशिलावर एक छोटा पुंजका. भांगावर त्या स्प्रे मारायच्या, कानशिलावर पावडर. आठवड्यातून चार सकाळी हा कार्यक्रम, आणि केस धुणं बुधवारी आणि रविवारी. धुण्याच्या आदल्या रात्री डोक्याला भरपूर तेल. "एवढं तेल लावते तरी मुळं कोरडी कशी हो?" हा त्यांचा प्रश्न होता.

कोंडा समजून त्यांनी महिनाभर कोंड्याचा शॅम्पू वापरला होता. फरक शून्य. मी मोठं भिंग लावलेला दिवा पुढे ओढला आणि भांग उघडून पाहिला. प्रत्येक केसाभोवती, त्वचेपासून एक-दोन मिलिमीटर वर, गडद तपकिरी कॉलर होती. शर्टाच्या कॉलरीसारखीच, गोल आणि कडा उचललेली. चिमट्याने एक कडा उचलली तेव्हा निघालेला कण वरून तपकिरी आणि खालून फिकट होता. वरची बाजू रंगाची, खालची त्वचेची. कोंड्याची खपली अशी दुरंगी नसते, ती दोन्ही बाजूंनी पांढरट किंवा पिवळट असते. शिवाय कोंडा भांगापुरता थांबत नाही. मागच्या बाजूला, कानांमागे पाहिलं तर तिथे असले तपकिरी कण एकही नव्हते. जिथे स्प्रे पोचतो तिथेच हे कण.

बशीची परीक्षा त्यांच्या समोरच केली. त्यांचा स्प्रे पाण्याने सुटला, पावडर तेलाने. आता त्यांचा आठवडा उलगडून बघा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवारी सकाळी एकावर एक चार थर. मधल्या दिवसांत त्वचेचं नैसर्गिक तेल त्यांच्यामध्ये मुरतं. शनिवारी रात्री तेल. अॅक्रिलेटचा पापुद्रा तेलाने सुटत नाही, नुसता चिकट होतो, आणि कानशिलावरची पावडर त्याच तेलात कालवली जाऊन बोटांबरोबर भांगापर्यंत येते. रविवारी स्प्रे मारून बाहेर जाऊन आल्यावर संध्याकाळी डोक्यावर पाणी, पण तेलामुळे पाणी पापुद्र्यापर्यंत पोचतच नाही. एकदा शॅम्पू, तोही अर्धा तेल काढण्यात खर्ची पडतो. "एका धुण्यात जातो" हे वाक्य एका सकाळच्या एका पातळ थराबद्दल असतं. तेलात मुरलेल्या चार थरांना ते लागू नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र शेवटची होती. केस कोरडे वाटतात म्हणून त्या कंडिशनर थेट मुळांना चोळत होत्या. कंडिशनरमधला केस मऊ करणारा घटक धन भाराचा असतो. स्प्रेचं पॉलिमर ऋण भाराचं. दोघं ओल्यात भेटले की एकमेकांना घट्ट धरतात आणि पाण्याने सहज न निघणारा चिकट गाळ तयार होऊ शकतो. म्हणजे जे थोडं मऊ पडलं होतं तेच त्या परत बसवत होत्या. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी कण का दिसतात, त्याचं उत्तर इथे आहे: रात्री केस ओले असताना सगळं सपाट बसलेलं असतं, सकाळपर्यंत वाळून तडकतं आणि कंगव्याच्या पहिल्या फिरवण्यात सुटतं.

काढलं कसं

त्या दिवशी केस कोरडेच होते, तेल नव्हतं. तिथूनच सुरुवात केली. मऊ केसांचा ब्रश मुळाकडून टोकाकडे, भांगाला समांतर, पंधरा-वीस वेळा फिरवला आणि दर चार-पाच वेळांनी टिश्यूवर झटकला. टिश्यूवर दिसणारा भुसा जितका जास्त, तितका पुढे शॅम्पूवरचा भार कमी. नखं वापरायची नाहीत. नखांनी कॉलर निघते, पण तिच्याखालची त्वचा सोलवटते. आणि सोलवटलेल्या जागेवर दुसऱ्या दिवशी अल्कोहोलचा स्प्रे पडला की जी आग होते तिला लोक "अॅलर्जी" म्हणतात.

मग कानशीलाची बारी, कारण तिथे पावडर होती. कापसाच्या बोळ्यावर पाच-सहा थेंब पातळ तेल, पुंजक्यावर नुसता दाबून ठेवायचा, तीन मिनिटं. घासायचं नाही. नंतर बाहेरच्या दिशेने, म्हणजे चेहऱ्यापासून लांब, पुसून घ्यायचं. पहिला बोळा जवळजवळ काळा आला, दुसरा तपकिरी, तिसरा फिकट. तीन बोळे पुरे. तेल भांगाकडे जाऊ द्यायचं नाही म्हणून मध्ये एक रुमाल ठेवला होता.

भांगावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल ठेवला, दोन मिनिटं. कोमट म्हणजे मनगटावर ऊन लागणार नाही इतपतच. जास्त गरम पाण्याने पापुद्रा लवकर सुटतो असं वाटतं, पण त्वचा आधीच चिडलेली असते. टॉवेल उचलल्यावर कॉलरी फुगून फिकट दिसायला लागल्या, पापुद्रा सुटायला लागल्याची खूण.

पहिला शॅम्पू साधारण एक चमचा, आधी तळहातात पाण्याबरोबर फेसवून घेतलेला. बाटलीतून थेट भांगावर ओतला की तो एकाच जागी पडतो आणि बाजूला फक्त पाणी जातं. बोटांच्या गादीने, भांगाची रेषा आणि तिच्या दोन्ही बाजूंची एकेक बोट रुंदी, एवढ्याच जागेवर एक मिनिट. नंतर एक मिनिट धुणं. फेस तपकिरी आला. दुसरा शॅम्पू तसाच, आणि या वेळी फेस पांढरा आला. आता कंडिशनर, पण कानाच्या खालच्या लांबीवर. मुळांना नाही.

तपासणी ओल्या केसांवर करू नका. ओल्यावर सगळंच स्वच्छ दिसतं. केस पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या कापसाला थोडं पाणी लावून भांगावर दाबा आणि न सरकवता उचला. फिकट मातकट छाप आली तरी चालेल. स्पष्ट तपकिरी रेषा आली तर एक थर अजून आत आहे. ताईंच्या भांगाला असे तीन धुणे लागले, तीन-तीन दिवसांच्या अंतराने, आणि त्या सगळ्या काळात स्प्रे बंद. महिन्याभराचं साठलेलं एका दिवसात खरवडायला जाऊ नका.

साठलेलं खूपच असेल तर खोल स्वच्छता करणारा शॅम्पू, म्हणजे सल्फेटवाला किंवा ओलेफिन सल्फोनेटवाला, एकदा वापरायला हरकत नाही. पुढे दोन आठवड्यांतून एकदा पुरतो. डोक्यावर इतर ठिकाणी रंग केलेला असेल तर तो या शॅम्पूने फिका पडतो हे लक्षात ठेवा. दाणेदार स्क्रब मी सांगत नाही. दाणे भांगात अडकतात आणि मग दोन प्रकारचा कचरा काढत बसावं लागतं.

मुळं बंद होऊन केस गळतील का?

हे प्रत्येक जण विचारतं, आणि भीती समजण्यासारखी आहे, कारण कॉलर निघताना तिच्याबरोबर दोन-चार केसही येतात. वाढणाऱ्या केसाचं मूळ त्वचेत काही मिलिमीटर खोल असतं. रंगाचे कण छिद्राच्या तोंडाशी बसतात, तिथे पोचत नाहीत, आणि आतून येणारं तेल व झडणाऱ्या पेशी त्यांना बाहेर ढकलत राहतात. भिंगाखाली दिसणारे काळे ठिपके बहुधा हेच. जे केस येतात ते गळायच्या बेतात असलेले किंवा पापुद्र्यात अडकून ओढले गेलेले. आलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो नैसर्गिक क्रमाने सुटलेला. मधूनच तुटलेला असेल तर ओढाताण आपली. खाजवून, नखांनी सोलून त्वचेला सूज आली तर मात्र केसांना त्रास होतो, पण तो रंगाने नव्हे, बोटांनी केलेला.

थर कमी बसावा म्हणून लावतानाच काय करायचं

स्प्रे त्वचेवर नको, केसावर हवा. हे सांगायला सोपं आहे आणि भांगात ते जवळजवळ अशक्य आहे. म्हणून बारीक दातांचा कंगवा आडवा, भांगाला टेकवून धरा आणि त्याच्यावरून फवारा. त्वचेवर पडणारा बराचसा स्प्रे कंगवा झेलतो. अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटर. त्याहून जवळून मारलं की थेंब ओले पडतात आणि पापुद्रा जाड होतो, लांबून मारलं की अर्धा कपाळावर. एका सेकंदाचा झटका, मग एक मिनिट थांबा, मग आरशात बघा आणि गरज असेल तरच दुसरा. ओला असतानाच "अजून पांढरं दिसतंय" म्हणून दुसरा मारणं हे जाड थराचं सर्वांत मोठं कारण आहे.

डबा नीट हलवला नाही तरी हेच होतं. रंगाचे कण जड असतात, तळाशी बसतात. आतली गोळी खडखड वाजायला लागल्यावर आणखी पंधरा-वीस सेकंद हलवा. न हलवता मारलं तर सुरुवातीला नुसतं फिकट पाणी येतं, आपण जास्त मारतो, आणि डबा अर्धा झाला की एकदम गडद चिखल येतो. नोझल थुंकल्यासारखं मोठे थेंब टाकायला लागलं तर फक्त नोझल काढून कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. सुई घालू नका, भोक मोठं होतं.

पावडरीचं दुखणं वेगळं. स्पंज केसाला लागतो, केसाचं तेल स्पंजातून डबीत परत येतं आणि काही आठवड्यांत पावडरीवर चकचकीत कडक पापुद्रा धरतो. मग रंग उचलला जात नाही, माणूस जोर लावतो, आणि केसावर गोळे बसतात. त्यावर सेलोटेप दाबून उचला, खालची मऊ पावडर मोकळी होते. स्पंज आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवा. पावडर नेहमी कोरड्या, तेल नसलेल्या मुळांवर. तेलकट मुळांवर ती लेप होते आणि लेप ब्रशने निघत नाही.

खरं सांगायचं तर पांढरे केस दहा-बारा असतील तर या दोन्हींचीही गरज नसते. मस्कारासारखी कांडी येते, ती एकेका केसाला लावायची आणि त्वचेला जवळजवळ काहीच लागत नाही. ताईंना भांगासाठी मी तीच सुचवली. "एकेक केस रंगवत बसू का मी?" असं म्हणाल्या, पण पंधरा केसांना दोन-अडीच मिनिटं लागतात, स्प्रे झाल्यावर कपाळ पुसायला लागतात त्यापेक्षा कमी.

श्वासाबद्दल एवढंच: फवारताना डोळे मिटा, श्वास धरा, खिडकी उघडी ठेवा. डब्यातला वायू पेट घेणारा असतो, म्हणून गरम हेअर ड्रायर किंवा पेटती ज्योत शेजारी नको. आणि भांगात जखम, फोड किंवा चरे असतील तर बऱ्या होईपर्यंत काहीच लावू नका.

खाज तरीही गेली नाही तर

साठलेल्या थराची खाज थर गेल्यावर जाते, साधारण दोन आठवड्यांत. म्हणून मी आधी माल पूर्ण बंद करून दोन आठवडे थांबायला सांगते. त्या काळात खाज थांबली, आणि परत लावल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत लालसर, पुरळासारखी परत आली, तर तो थर नाही, ती त्या मालातल्या एखाद्या घटकाची प्रतिक्रिया आहे. बहुतेक वेळा संशय सुवासावर किंवा परिरक्षकावर असतो. नवीन डबी घेतल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला, एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघायची सवय बरी. एकदाच लावून "काही झालं नाही" म्हणणं पुरेसं नसतं, कारण अशी प्रतिक्रिया कधी कधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उमटते. रंग उडून गेलेल्या डागाशी गोंधळ होऊ नये म्हणून त्या जागेचा पहिल्या दिवशी फोटो काढून ठेवा.

बंद करूनही खाज राहिली, त्वचा लाल, वर तेलकट पिवळट खपल्या, आणि भुवयांत किंवा कानांमागेही तेच, तर तो सेबोरिक डर्माटायटिस असण्याची शक्यता जास्त. त्याला केटोकोनाझोलचा शॅम्पू लागतो. तो फेस करून तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा असतो. लगेच धुतला तर औषधाला वेळच मिळत नाही. पण हे निदान आरशात बघून करायचं नसतं. फोड, पाणी सुटणं, पापण्या किंवा चेहरा सुजणं असं काही दिसलं तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं, डबी बरोबर घेऊन, म्हणजे त्यांना लेबल वाचता येतं.

ताईंच्या भांगातली खाज तिसऱ्या धुण्यानंतर थांबली. डाव्या कानशिलावरची थांबली नाही. तेल-आधी करूनही, पावडर तीन आठवडे बंद ठेवूनही, तिथली त्वचा लालसरच राहिली आणि कानामागे, जिथे आधी तपकिरी कण नाहीत म्हणून मी निर्धास्त झाले होते, तिथे नीट पाहिल्यावर बारीक पिवळट खपल्या दिसल्या. म्हणजे दोन वेगळी दुखणी एका डोक्यावर होती आणि मी पहिल्या दिवशी एकच पाहिलं. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे सेबोरिक डर्माटायटिसच निघाला. गंमत म्हणजे आधी महिनाभर वापरलेला कोंड्याचा शॅम्पू अगदीच चुकीचा नव्हता. तो त्या डोक्याच्या मध्यावर चोळत होत्या, कानामागे कधी लावलाच नव्हता.

आता त्या भांगाला कांडी वापरतात, कानशिलाला सध्या काहीच नाही, पुंजका केसांच्या लटेखाली लपवतात. स्प्रेचा डबा फक्त एखाद्या संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी. त्या रात्री झोपण्याआधी भांगावर दोन मिनिटं ओला टॉवेल, एक शॅम्पू, आणि तेल दुसऱ्या दिवशी. उशीचा अभ्रा त्यांनी मुद्दाम पांढरा लावला आहे, सकाळी उठल्यावर त्यावर काही दिसतं का ते पाहायला.